चॅनेलचा फीड वाचून व्हिडिओ नेमका कधी आला ते कसं ठरवायचं?

वाचनवेडी
आमच्या वाचनालयाची अभिवाचन स्पर्धा दरवर्षी दिवाळीच्या सुमारास असते. स्पर्धक आपापल्या यूट्यूब चॅनेलवर व्हिडिओ टाकतात आणि अर्जात लिंक देतात. यंदा नियम असा होता: 'व्हिडिओ 31 ऑक्टोबर 2025 च्या रात्री 12 वाजेपर्यंत अपलोड केलेला असावा.' प्रवेशिका तपासायचं काम माझ्याकडे आहे.

एका बाईंच्या व्हिडिओबद्दल दुसऱ्या स्पर्धकाने तक्रार केली आहे की तो 12 नंतर आला. बाई म्हणतात, व्हिडिओच्या खाली 31 ऑक्टोबर दिसतंय, आणखी काय पुरावा हवा? खरंच दिसतंय. पण वेळ कुठेच दिसत नाही. माझ्या भाच्याने सांगितलं की चॅनेलचा आरएसएस फीड उघड, त्यात सेकंदापर्यंत वेळ असते. त्याने उघडून दिला आणि स्वतः क्रिकेट खेळायला पळाला. त्यातल्या या दोन ओळी:

```
<published>2025-10-31T18:42:10+00:00</published>
<updated>2025-11-02T05:16:48+00:00</updated>
```

यातली कोणती ओळ धरायची? आणि दुसऱ्या ओळीत 2 नोव्हेंबर आहे, म्हणजे बाईंनी मुदतीनंतर व्हिडिओ बदलला का?

खटपट्या
18:42 म्हणजे संध्याकाळी पावणेसात. वेळेच्या आधी पाच तास. बाई जिंकल्या, तक्रारदाराला चहा पाजून घरी पाठवा.

अबोली
वाचतेय. आमच्या मंडळातही हेच भांडण होतं दरवर्षी.

तिरपागडे
@खटपट्या, चहा परत घ्या.

शेवटचं `+00:00` बघा. ही वेळ ग्रिनिचची आहे. फीडमध्ये वेळ नेहमी अशीच येते, तुम्ही पुण्यात बसून उघडा नाहीतर पॅरिसमध्ये. भारतीय वेळ काढायला साडेपाच तास मिळवायचे. 18:42:10 मध्ये 5:30 मिळवले की 24:12:10 होतात, म्हणजे तारीखच उलटते. व्हिडिओ लोकांना दिसू लागला तो 1 नोव्हेंबरला मध्यरात्रीनंतर 12 मिनिटं 10 सेकंदांनी.

वाचनवेडीताई, सगळ्या प्रवेशिका तपासायच्या असतील तर प्रत्येक वेळी बेरीज करत बसू नका. आपली मध्यरात्र म्हणजे फीडमधले 18:30. 31 तारखेच्या नोंदीत 18:30:00 च्या आधीचं काहीही असेल तर वेळेत, नंतरचं असेल तर उशिरा.

खटपट्या
मान्य. पण मग व्हिडिओखाली 31 ऑक्टोबर का दिसतंय? यूट्यूबला दोन वेगवेगळी सत्यं आहेत का?

तिरपागडे
सत्य एकच आहे, घड्याळं वेगळी. व्हिडिओखालची तारीख अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेनुसार दाखवली जाते. यूट्यूबच्या मदतपानावरही तसं लिहिलेलं आहे. बाईंचा व्हिडिओ आला तेव्हा इथे मध्यरात्र उलटून गेली होती, पण कॅलिफोर्नियात 31 तारखेचे सकाळचे 11 वाजून 42 मिनिटं झाली होती. तिथे उन्हाळी वेळ 2 नोव्हेंबरला संपली, म्हणून त्या दिवशी फरक साडेबारा तासांचा होता. हिवाळ्यात तो साडेतेरा तासांचा असतो.

म्हणजे भारतात 1 तारखेला दुपारी साडेबारापर्यंत टाकलेला कोणताही व्हिडिओ पानावर 31 तारीखच दाखवेल. पानावरच्या तारखेवर मुदत ठरवाल तर सगळ्या आळशी स्पर्धकांना अर्धा दिवस फुकट मिळेल.

अबोली
अरे देवा! आमच्याकडे गेली कित्येक वर्षं पानावरची तारीखच बघतात. आता सांगायला जाऊ की नको?

खटपट्या
नको. जुने निकाल उकरले तर मंडळ फुटेल.

नाना_दापोलीकर
माझा मुद्दा जरा वेगळा आहे. आरएसएसमधल्या तारखेवर इतका भरवसा कशाला? मी माझ्या ब्लॉगवर बागकामाचे लेख टाकतो. त्यात प्रकाशनाची तारीख मला हवी ती घालता येते. आषाढात लिहिलेला लेख मी चैत्राच्या तारखेने टाकला आहे आणि फीडमध्ये तो चैत्राचाच दिसतो. उद्या या बाईंनी तसंच केलं तर? आणि हो, माझ्या फीडमध्ये मला `pubDate` अशी ओळ दिसते, `published` नाही. ताईंनी चुकीचा फीड तर उघडला नाही ना?

तिरपागडे
नाना, तुम्ही म्हणता ते तुमच्या ब्लॉगच्या बाबतीत अगदी खरं आहे, पॉडकास्टच्या बाबतीतही बहुतेक वेळा खरं आहे. तिथे फीड तुमच्या मालकीचा आणि तारीख तुम्ही भरलेली. यूट्यूबचा फीड यूट्यूब स्वतः बनवतं आणि चॅनेलच्या मालकाला `published` मागे सरकवता येत नाही. यूट्यूब स्टुडिओत 'रेकॉर्डिंगची तारीख' भरायची एक जागा असते, ती हवी तशी भरता येते, पण तिचा या ओळीशी काही संबंध नाही.

`pubDate` आणि `published` हा फक्त साच्याचा फरक. यूट्यूबचा फीड ॲटम पद्धतीचा आहे, त्याला सगळे सवयीने आरएसएसच म्हणतात. ताईंचा फीड बरोबर आहे.

नाना_दापोलीकर
बरं. मग लेखांच्या तारखांबद्दल वेगळा धागा काढतो.

अबोली
मला मुळात हा फीड उघडताच येत नाहीये. चॅनेलच्या नावाला @ असतं ते मागे लावून बघितलं, चूक दाखवतं. भाचा नाही माझ्याकडे.

तिरपागडे
@ वालं नाव चालत नाही, चॅनेलचा आयडी लागतो. तो `UC` ने सुरू होतो आणि एकूण 24 अक्षरांचा असतो. चॅनेलच्या पानावर नावाखाली जे वर्णन असतं ते उघडलं की तळाशी शेअर करायचं बटण दिसतं, त्यात `Copy channel ID` असतं. तो आयडी या पत्त्याच्या शेवटी चिकटवा:

```
https://www.youtube.com/feeds/videos.xml?channel_id=UCxxxxxxxxxxxxxxxxxxxxxx
```

काही लोक व्हिडिओच्या पानाचा सोर्स उघडून त्यात आयडी शोधतात. तिथे बाजूला सुचवलेल्या व्हिडिओंच्या चॅनेलचेही आयडी असतात, भलताच उचलला जातो. म्हणून फीड उघडल्यावर आधी वर चॅनेलचं नाव तेच आहे ना ते बघा. मग तुमच्या व्हिडिओची नोंद शोधा, आणि ती शोधताना शीर्षकावर जाऊ नका. `yt:videoId` या ओळीतली 11 अक्षरं अर्जातल्या लिंकमधल्या `v=` नंतरच्या अक्षरांशी जुळवा. एकाच शीर्षकाचे दोन व्हिडिओ असणं फार नवलाचं नाही.

अबोली
उघडला! पण आमच्या मंडळाच्या चॅनेलचा फीड सांगतोय `published` 2014. आम्ही परवाच तर व्हिडिओ टाकला. बंद पडलाय का हा प्रकार?

तिरपागडे
तुम्ही अगदी वरची ओळ बघताय. फीडच्या डोक्यावर जो `published` असतो तो चॅनेल कधी काढलं त्याचा. खाली `entry` सुरू होतात, प्रत्येकीचा आपला वेगळा `published` असतो. सर्वात नवा व्हिडिओ पहिल्या `entry` मध्ये मिळेल.

अबोली
मिळाला. आणि 2014 मध्ये चॅनेल कोणी काढलं यावरून आता कमिटीत वाद लागणार, ते वेगळंच.

दुबईचा_दत्ता
माझा अनुभव सांगतो. मी इथल्या मराठी मुलांच्या शाळेचं चॅनेल सांभाळतो. व्हिडिओ गुरुवारी चढवून ठेवतो, प्रायव्हेट, आणि शनिवारी सकाळी 9 ची वेळ लावतो. फीडमध्ये शनिवारचीच वेळ येते, गुरुवारचा मागमूस नसतो. दुबईचे 9 म्हणजे फीडमध्ये 05:00, आणि त्यावर थोडे सेकंद जास्त.

म्हणून वाचनवेडीताईंना विचारतो: बाईंनी व्हिडिओ आधी चढवून ठेवला असेल आणि 12 नंतर सार्वजनिक केला असेल तर? तुमचा नियम 'अपलोड केलेला असावा' म्हणतो.

वाचनवेडी
सगळ्यांचे आभार, विशेषतः तिरपागडे यांचे. सकाळी बाईंशी फोनवर बोलले. दत्ता म्हणतात नेमकं तेच त्यांचं म्हणणं आहे. त्यांनी रात्री पावणेअकराला फाइल चढवायला घेतली, चढली, पण ती प्रायव्हेट होती. मुलगा बाहेरून आल्यावर त्याने 'पब्लिक' केलं. 'अपलोड' तर वेळेत झालं होतं, असं त्या म्हणतात. आता काय करू? फीडमधून हे कळेल का?

तिरपागडे
नाही कळणार. फीडमध्ये फक्त सार्वजनिक व्हिडिओ येतात आणि `published` तो सार्वजनिक झाल्याची वेळ सांगतो. फाइल कधी चढली हे बाहेरच्या कोणालाच दिसत नाही.

बाईंना मात्र त्यांच्या स्टुडिओत दिसतं. ज्या खात्यावरून चढवला त्यावर व्हिडिओंच्या यादीत तारखेचा रकाना असतो. पण तिथेही व्हिडिओ एकदा सार्वजनिक झाला की प्रकाशनाची तारीख पुढे येते, मिनिटांचा हिशोब मिळेलच असं नाही. त्यांच्याकडे मूळ फाइलची वेळ, ब्राउझरचा इतिहास असं काही असेल, पण तो तुमच्या दृष्टीने पुरावा धरायचा की नाही हे फीड सांगणार नाही.

खटपट्या
थोडक्यात, बाईंच्या शब्दावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. यासाठी एवढी एक्सएमएल वाचली आपण!

गणितातला_ग
मी तिरपागडे यांच्याशी थोडा असहमत. प्रश्न फीडचा नाहीच, नियमाचा आहे. 'अपलोड' हा शब्द वापरला असेल तर संशयाचा फायदा स्पर्धकाला. तक्रारदाराने फक्त व्हिडिओ दिसला कधी ते पाहिलं. त्यावरून तो चढला कधी हे सिद्ध होत नाही.

दुबईचा_दत्ता
पण परीक्षकांना 12 वाजता दिसत नसलेला व्हिडिओ 'आला' असं कसं म्हणणार? परीक्षेची उत्तरपत्रिका दप्तरात लिहून ठेवली होती, असं सांगून चालतं का?

गणितातला_ग
दप्तरात नाही, पर्यवेक्षकाच्या टेबलावर होती, फक्त पाकीट बंद होतं.

खटपट्या
वा! दोघांनी वकिली करा. फी मी घेतो.

वाचनवेडी
वकिली चालू द्या, मला आणखी एक अडचण आहे. `updated` मधल्या 2 नोव्हेंबरचं कोणी सांगितलंच नाही. तक्रारदार त्यालाच धरून बसले आहेत. म्हणतात, मुदतीनंतर ध्वनी सुधारून परत टाकला.

तिरपागडे
ते राहिलंच. `updated` व्हिडिओच्या माहितीत काही हललं की बदलतं: शीर्षक, वर्णन, छोटं चित्र. काही वेळा मालकाने काहीच केलं नसतानाही बदललेलं मी पाहिलं आहे. त्यावरून व्हिडिओ बदलला असं म्हणता येत नाही.

मुळात यूट्यूबवर त्याच लिंकवर दुसरी फाइल घालता येत नाही. नवा ध्वनी असलेली फाइल चढवली की नवा व्हिडिओ, नवा आयडी, नवा `published`. स्टुडिओच्या संपादकात तुकडा कापता येतो, एखादं गाणं काढून टाकता येतं, पण घशाची खरखर जाऊन आवाज अचानक गोड होत नाही. अर्जातली लिंक आणि फीडमधला आयडी एकच असेल तर ध्वनी सुधारून परत टाकल्याचा आरोप टिकत नाही.

अबोली
आमच्याकडे एकाने जुना व्हिडिओ उडवून तोच परत टाकला होता. आणि 'मी तर आठवडाभर आधी टाकला होता' म्हणून भांडला. त्याचं काय?

तिरपागडे
उडवलेला व्हिडिओ फीडमधूनही जातो, मागे काही उरत नाही. फक्त एक पळवाट आहे. कोणाच्या फीड रीडरमध्ये ते चॅनेल आधीपासून जोडलेलं असेल तर रीडरने आणलेली जुनी नोंद बहुतेकदा तिथे तशीच राहते, आयडी आणि वेळेसकट. पुढच्या वर्षी अर्ज आले की सगळ्या स्पर्धकांची चॅनेल एका रीडरमध्ये टाकून ठेवा. नंतर कोणी काही उडवलं तरी तुमच्याकडे नोंद असेल.

नाना_दापोलीकर
रीडर म्हटलं की गूगल रीडर आठवतो. 2013 साली बंद केला मेल्यांनी. सकाळचा चहा आणि तो, असं होतं माझं.

खटपट्या
नाना, त्याचं तेरावंही होऊन गेलं. आता सोडा.

वाचनवेडी
दुसऱ्या एका प्रवेशिकेचं तपासायला गेले तर तो व्हिडिओ फीडमध्ये सापडतच नाही. चॅनेलवर मात्र आहे. मुलगा रोज दोनतीन शॉर्ट्स टाकतो.

तिरपागडे
फीडमध्ये शेवटचे 15 व्हिडिओच येतात. रोजचे दोनतीन शॉर्ट्स म्हणजे आठवड्याभरात तुमचा व्हिडिओ यादीबाहेर ढकलला जातो. पुढचं पान नावाची गोष्ट या फीडला नाही.

एक युक्ती आहे. चॅनेलच्या आयडीतलं `UC` काढून त्या जागी `UULF` लावा आणि पत्त्यात `channel_id` ऐवजी `playlist_id` लिहा:

```
https://www.youtube.com/feeds/videos.xml?playlist_id=UULFxxxxxxxxxxxxxxxxxxxxxx
```

यात शॉर्ट्स आणि लाइव्ह वगळून फक्त मोठे व्हिडिओ येतात. हेही 15 च, पण मुलाचे मोठे व्हिडिओ कमी असतील तर मिळून जाईल. ही सोय यूट्यूबने कुठे अधिकृतपणे लिहून दिलेली नाही, त्यामुळे उद्या बंद पडली तर माझ्या नावाने खडे फोडू नका.

वाचनवेडी
सापडला! 30 तारखेचे 14:05. म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे 7:35. वेळेत.

खटपट्या
ताईंना आता भाच्याची गरज नाही.

कोल्हापुरी_पायताण
उशिरा आलोय, पण एक विचारतो. मी परवा व्हिडिओ टाकला आणि लगेच फीड उघडला तर त्यात नव्हता. दहाएक मिनिटांनी आला. समजा कोणी 11 वाजून 58 मिनिटांनी टाकला आणि फीडमध्ये 12:10 ला उमटला तर तो बिचारा गेला म्हणायचा का?

तिरपागडे
नाही. फीड साठवून ठेवलेली प्रत देतो, साधारण पाव तास जुनी असू शकते. नोंद उशिरा दिसली तरी तिच्यातला `published` 18:28 चाच असणार. म्हणून रात्री 12 वाजता फीड उघडून 'नाही आला' असा शेरा मारायचा नाही. सकाळी बघायचं. एखाद्या वेळी फीड 404 ही दाखवतो, त्यावरून चॅनेल उडालं असं समजायचं नाही, थोड्या वेळाने परत बघायचं.

ज्यांना टर्मिनल चालतं त्यांनी एवढं केलं तरी पुरे, डोळे कमी दुखतात:

```
curl -s "https://www.youtube.com/feeds/videos.xml?channel_id=UCxxxxxxxxxxxxxxxxxxxxxx" | grep -E "<(yt:videoId|title|published)>"
```

कोल्हापुरी_पायताण
चालतंय की. आणि प्रीमियर लावला तर? आमचा एक गडी तसलंच करतो, उलटी मोजणी वगैरे.

दुबईचा_दत्ता
तिथे जरा जपून. प्रीमियरचं पान वेळ लावली की लगेच लोकांना दिसतं, त्यामुळे फीडमध्ये नोंद आधीच येते. व्हिडिओ बघता येतो तो नंतर. लाइव्हचंही तसंच. प्रत्यक्ष सुरू कधी झालं ही वेळ फीडमध्ये नसतेच, ती यूट्यूबच्या डेटा एपीआयमध्ये `actualStartTime` या नावाने मिळते. त्यासाठी एपीआय-की काढावी लागते, वाचनालयाच्या कमिटीला झेपेल असं नाही.

गणितातला_ग
म्हणजे माझाच मुद्दा. प्रीमियरवाल्याची नोंद 11 ला, व्हिडिओ दिसणार 1 ला, तो तुमच्या फीडने पास. आणि बाईंचा व्हिडिओ पावणेअकराला यूट्यूबकडे पोचलेला, त्या नापास.

तिरपागडे
इथे मात्र ग बरोबर बोलतोय. फीड एका प्रश्नाचं उत्तर पक्कं देतो: साधा व्हिडिओ लोकांसाठी खुला कधी झाला. बाकीचं नियमात लिहायला हवं.

वाचनवेडी
कमिटीची बैठक झाली. दोन मतं आहेत. अध्यक्षांचं म्हणणं की 12 मिनिटांसाठी कोणाला बाद करायचं नाही. चिटणीस म्हणतात की मग तक्रारदाराने मुदतीसाठी घाईत केलेल्या, दोन ठिकाणी अडखळलेल्या वाचनाचं काय? निर्णय रविवारी.

पुढच्या वर्षीच्या नियमाचा मसुदा मात्र मी केला आहे: 'व्हिडिओ 31 ऑक्टोबर रोजी भारतीय वेळेनुसार रात्री 12 पूर्वी सर्वांना पाहता येईल असा प्रकाशित केलेला असावा. प्रीमियर चालणार नाही. वेळ चॅनेलच्या फीडमधील `published` वरून ठरवली जाईल.' काही राहिलं का?

अबोली
निकाल लागेपर्यंत व्हिडिओ उडवायचा नाही, हेही घाला.

खटपट्या
आणि 12 ऐवजी संध्याकाळी साडेपाच करा. फीडमध्ये बरोब्बर 12:00 दिसतील, बेरजेची कटकट नाही.

तिरपागडे
खटपट्या, पहिल्यांदाच कामाचं बोललात.

वाचनवेडी
साडेपाचला नोकरीवाले ओरडतील. पण चिटणिसांना आवडेल, विचारते.